किमान विचलन आणि पांढऱ्या प्रकाशाची उकल

लोलक म्हणजे एकमेकांशी कोन करणाऱ्या दोन सपाट, गुळगुळीत पृष्ठांमध्ये सामावलेला काचेचा किंवा दुसऱ्या पारदर्शक पदार्थाचा तुकडा. प्रयोगशाळेतला नेहमीचा लोलक त्रिकोणी चितीच्या आकाराचा असतो. ज्या दोन पृष्ठांतून प्रकाश आत शिरतो आणि बाहेर पडतो, त्यांच्यामधल्या कोनाला लोलकाचा कोन म्हणतात. त्याच्या समोरची तिसरी बाजू म्हणजे लोलकाचा पाया.

खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठे असतात, पण ती एकमेकांना समांतर असतात. हवेतून काचेत शिरताना किरण जितका वळतो तितकाच तो बाहेर पडताना उलट दिशेने वळतो. शेवटी तो मूळ दिशेलाच समांतर जातो, फक्त थोडा बाजूला सरकलेला असतो. लोलकात दुसरे पृष्ठ कललेले असल्यामुळे पहिल्या पृष्ठावरचे वळण तिथे रद्द होत नाही. उलट त्यात भर पडते. दोन्ही पृष्ठांवर किरण पायाकडेच झुकतो. मूळ दिशा आणि बाहेर पडलेल्या किरणाची दिशा यांच्यातला हा एकूण फरक म्हणजे विचलन कोन.

हा कोन सोप्या भूमितीने मिळतो. पृष्ठाला लंब असलेल्या रेषेला स्तंभिका म्हणतात आणि किरणांचे कोन तिच्यापासून मोजतात. किरण पहिल्या पृष्ठावर i एवढ्या कोनात पडला आणि दुसऱ्या पृष्ठातून e एवढ्या कोनात बाहेर पडला, तर लोलकाचा कोन A असताना विचलन D असे येते:

D = i + e − A

काचेच्या आत किरण दोन स्तंभिकांशी जे दोन कोन करतो, त्यांची बेरीज नेहमी A एवढीच असते. प्रत्येक पृष्ठावर किरण किती वळेल हे काचेच्या अपवर्तनांकावर ठरते. हवेतल्या कोनाच्या ज्येला, म्हणजे साइनला, काचेतल्या कोनाच्या ज्येने भागले की अपवर्तनांक मिळतो. लोलकाचे सगळे वर्तन एवढ्या नियमांतून निघते.

विचलनाचा तळ

६३ अंश १२ मिनिटांचा कोन आणि सुमारे १.५४५ अपवर्तनांक असलेला एक लोलक घेऊ. हे आकडे मनाने घेतलेले नाहीत. ते कुणाच्या लोलकाचे आहेत ते पुढे येईल. प्रकाशाची दिशा कायम ठेवून हा लोलक हळूहळू फिरवला, की आपतन कोन बदलत जातो आणि त्याबरोबर विचलनही बदलते. आपतन कोन ४० अंश असताना विचलन ५१.५ अंश येते. ४५ अंशांना ते ४७ वर उतरते, ५० अंशांना ४५.३ वर आणि ५४ अंशांना ४४.९ वर. त्यापुढे मात्र ते पुन्हा चढू लागते. ६० अंशांना ४५.६ आणि ७० अंशांना ४९. आपतन कोन सुमारे ३७ अंशांच्या खाली गेला, तर किरण दुसऱ्या पृष्ठातून बाहेरच पडत नाही. तिथे त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते.

म्हणजे या लोलकातून जाणारा किरण कसाही पाठवला, तरी तो ४४.९ अंशांपेक्षा कमी वळत नाही. याला किमान विचलन म्हणतात. ते नेमके कोणत्या स्थितीत येते हे गणित न करताही सांगता येते. प्रकाशाचा मार्ग उलटा चालवला तरी तोच राहतो. ४५ अंशांनी आत शिरलेला किरण ६५.२ अंशांनी बाहेर पडत असेल, तर ६५.२ अंशांनी आत सोडलेला किरण ४५ अंशांनी बाहेर पडेल आणि दोघांचे विचलन सारखेच असेल. अशा रीतीने विचलनाच्या प्रत्येक किमतीला आपतन कोनांची एक जोडी मिळते. विचलन जसजसे कमी होते तसतसे जोडीतले दोन कोन जवळ येतात. सर्वांत कमी विचलन एकदाच येते, म्हणून तिथे दोन्ही कोन एक झालेले असले पाहिजेत. आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा कोन समान असणे हीच किमान विचलनाची अट. या स्थितीत किरण लोलकातून दोन्ही बाजूंना सारखाच झुकून जातो. लोलकाच्या दोन बाजू समान लांबीच्या असतील, तर काचेतला त्याचा मार्ग पायाला समांतर असतो.

वरच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. ४० ते ४५ या पाच अंशांत विचलन साडेचार अंशांनी उतरले, पण ५० ते ५४ या चार अंशांत जेमतेम ०.४ अंशाने. कढईच्या कडेला उतार तीव्र असतो आणि तळाशी तो जवळजवळ नाहीसा होतो, तसाच विचलनाचा आलेख तळाजवळ सपाट होतो. तिथे आपतन कोन थोडाफार बदलला तरी विचलन जवळपास तेच राहते.

प्रयोगशाळेतले मोजमाप

किमान विचलनाच्या स्थितीत आत शिरण्याचा कोन A आणि D यांच्या बेरजेच्या निम्मा असतो आणि काचेतला कोन A च्या निम्मा. त्यामुळे फक्त दोन कोन मोजून काचेचा अपवर्तनांक n काढता येतो:

n = sin((A + D)/2) / sin(A/2)

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे काम स्पेक्ट्रोमीटरवर होते. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एका अरुंद फटीतून कॉलिमेटरमध्ये जातो आणि तिथल्या भिंगामुळे समांतर होऊन लोलकावर पडतो. बाहेर आलेला प्रकाश फिरत्या दुर्बिणीतून पाहतात. आधी लोलकाची धार कॉलिमेटरकडे करतात. दोन्ही पृष्ठांवरून परावर्तित झालेल्या फटीच्या प्रतिमा पाहून त्यांच्यातला कोन मोजतात. तो लोलकाच्या कोनाच्या दुप्पट असतो. मग लोलक वळवून त्यातून वाकून आलेली प्रतिमा दुर्बिणीत धरतात आणि लोलकाचे टेबल सावकाश फिरवतात. प्रतिमा सरळ प्रकाशाच्या दिशेकडे सरकत जाते, एका जागी थांबते आणि टेबल त्याच दिशेने फिरत असतानाही मागे वळते. जिथून ती मागे वळते ती किमान विचलनाची जागा. दुर्बिणीची उभी तार तिथे लावून वाचन घेतात. नंतर लोलक काढून सरळ दिशेचे वाचन घेतात. दोन्हींमधला फरक म्हणजे D.

समजा लोलकाचा कोन ६० अंश भरला आणि किमान विचलन ३८ अंश ४० मिनिटे आले. बेरजेचा निम्मा ४९ अंश २० मिनिटे. त्याची ज्या ०.७५८५. ३० अंशांची ज्या ०.५. भागाकार १.५१७. हा साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक आहे.

लोलक कोणत्याही स्थितीत ठेवून दोन्ही कोन मोजले तरी अपवर्तनांक निघेल. तरीही किमान विचलनाचीच स्थिती निवडतात, कारण तिथे चूक फार कमी होते. टेबल योग्य जागेपासून अर्धा अंश चुकले तरी विचलनात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. लोलकाच्या कोनातली चूक मात्र अशी झाकली जात नाही. ती सरळ उत्तरात उतरते. टेबल फिरवताना प्रतिमा खालीवर सरकत असेल, तर लोलकाची पृष्ठे उभी नाहीत असे समजावे आणि टेबलाचे स्क्रू फिरवून ती आधी सरळ करावीत. दोन वाचनांच्या मध्ये वर्तुळाकार मापपट्टीचे शून्य ओलांडले गेले असेल, तर वजाबाकीपूर्वी ३६० मिळवावे लागतात. हे विसरल्यास उत्तर इतके विचित्र येते की चूक लगेच उघडी पडते.

न्यूटनची लांबट प्रतिमा

वर घेतलेला ६३ अंश १२ मिनिटांचा लोलक आयझॅक न्यूटनचा आहे. केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक असलेल्या न्यूटनने ६ फेब्रुवारी १६७२ च्या पत्रात आपले लोलकाचे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. ते पत्र त्याच महिन्यात सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. लोलकातून रंग दिसतात हे त्याआधीच सर्वांना ठाऊक होते. पण काच पांढऱ्या प्रकाशात काहीतरी बदल घडवून रंग निर्माण करते, असा तेव्हाचा प्रचलित समज होता. न्यूटनने रंगांपेक्षा प्रतिमेच्या आकाराकडे लक्ष दिले आणि त्यातूनच उत्तर काढले.

अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला त्याने पाव इंच व्यासाचे भोक ठेवले. त्यातून येणारा सूर्यप्रकाश लोलकातून २२ फुटांवरच्या भिंतीवर पाडला. त्याच्या अपेक्षेप्रमाणे प्रतिमा गोल यायला हवी होती. ती आली सव्वातेरा इंच लांब आणि अडीच इंचांहून किंचित रुंद. भोकाचा पाव इंच दोन्ही मापांतून वजा केला की लांबी १३ इंच आणि रुंदी सुमारे २.४ इंच उरते. २२ फुटांवरून ही रुंदी ३१ मिनिटांचा कोन करते आणि आकाशातल्या सूर्यबिंबाचा व्यासही तेवढाच आहे. लांबी मात्र २ अंश ४९ मिनिटांचा कोन करते, म्हणजे सूर्याच्या व्यासाच्या पाचपटीहून जास्त.

आता इथे एक शंका येते. सूर्य हा एक बिंदू नाही. त्याच्या दोन कडांवरून येणारे किरण लोलकावर थोड्या वेगळ्या कोनांत पडतात. ते वेगवेगळे वळले म्हणून प्रतिमा लांबली असेल, तर त्यात प्रकाशाच्या घडणीचा काहीच संबंध नाही. ही शंका पोकळ नव्हती. याच लोलकावर प्रकाश ४५ अंशांनी पाडला, तर ३१ मिनिटांची जुडी बाहेर पडताना सुमारे ४७ मिनिटांची होते. ४० अंशांनी पाडला तर ७७ मिनिटांची. तिरप्या ठेवलेल्या लोलकातून एकाच रंगाच्या सूर्याची प्रतिमासुद्धा लांबट होईल.

न्यूटनने लोलक नेमक्या त्या स्थितीत ठेवला होता जिथे ही शंका उरत नाही. दोन्ही पृष्ठांवरचे कोन आपल्याला जमले तितके समान केले होते, असे तो लिहितो. प्रतिमेच्या मध्याकडे जाणारे किरण ४४ अंश ५६ मिनिटे वळले होते. त्यात लोलकाचा कोन मिळवून निम्मे केले की ५४ अंश ४ मिनिटे येतात आणि पत्रात हाच कोन दिला आहे. ५४ अंश ४ मिनिटांच्या ज्येला ३१ अंश ३६ मिनिटांच्या ज्येने भागले की १.५४५ मिळतात. न्यूटनने हे प्रमाण २० ला ३१ असे पूर्णांकांत मांडले.

किमान विचलनाच्या स्थितीत शंका का उरत नाही, हे आलेखाच्या सपाट तळातून कळते. तिथे जवळजवळच्या कोनांनी आलेले सगळे किरण सारखेच वळतात. सगळे सारखेच वळले, तर त्यांच्या आपसातल्या कोनात फरक पडत नाही. ३१ मिनिटांची जुडी आत गेली की ३१ मिनिटांचीच बाहेर येते. न्यूटनने सूर्याच्या दोन विरुद्ध कडांच्या किरणांचे गणित करून हेच उत्तर काढले. गणितावरच विसंबून न राहता त्याने लोलक आसाभोवती पुढेमागे चार-पाच अंशांहून अधिक फिरवून पाहिला. भिंतीवरचे रंग जागचे लक्षात येण्याइतके हलले नाहीत. अशा फिरवण्याने विचलनात सुमारे सात-आठ मिनिटांचाच फरक पडतो, म्हणजे भिंतीवर अर्धा इंच. १३ इंचांच्या लांबीचा उलगडा त्याने होत नाही.

काचेची जाडी, भोकाचा आकार, काचेतले दोष ही कारणेही त्याने एकेक तपासली. पहिल्या लोलकामागे दुसरा लोलक उलटा ठेवताच प्रतिमा पुन्हा गोल झाली. लांबण काचेच्या खडबडीतपणामुळे असती, तर दुसऱ्या काचेने ती वाढली असती.

प्रत्येक रंगाचा आपला अपवर्तनांक

२ अंश ४९ मिनिटांतून सूर्याची ३१ मिनिटे काढली की २ अंश १८ मिनिटे उरतात. एवढा फरक एकाच पांढऱ्या झोतातल्या किरणांच्या विचलनांत होता, आणि सगळे किरण जवळपास एकाच कोनातून आले होते. म्हणून पांढऱ्या प्रकाशात कमी-अधिक वळणारे प्रकाश मुळातच एकत्र असतात, हा एकच निष्कर्ष शिल्लक राहिला. तांबडा सर्वांत कमी वळतो आणि जांभळा सर्वांत जास्त. पांढऱ्या प्रकाशाचे असे घटक रंगांत अलग होणे म्हणजे प्रकाशाचे अपस्करण आणि त्यातून मिळणारी रंगांची पट्टी म्हणजे वर्णपंक्ती. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून पाठ केलेला क्रम तो हाच. पट्टीत सात वेगळे कप्पे मात्र नसतात. एक रंग दुसऱ्यात सलग मिसळत जातो.

हे पक्के करण्यासाठी न्यूटनने निर्णायक प्रयोग मांडला. पहिल्या लोलकामागे लहान भोकाची एक फळी ठेवली आणि बारा फुटांवर तसेच भोक असलेली दुसरी फळी. तिच्यामागे दुसरा लोलक होता. फळ्या आणि दुसरा लोलक जागचे हलत नव्हते. पहिला लोलक हाताने किंचित फिरवला की दोन्ही भोकांतून वर्णपंक्तीचा वेगवेगळा भाग पुढे जाई. भोके स्थिर असल्यामुळे प्रत्येक भाग दुसऱ्या लोलकावर एकाच कोनात पडत होता. तरीही जांभळ्या टोकाकडचा प्रकाश तिथे पुन्हा जास्त वळला आणि तांबड्या टोकाकडचा पुन्हा कमी. अलग केलेल्या प्रकाशाचा रंग बदलण्याचे प्रयत्नही निष्फळ ठरले. काच रंग बनवत असती, तर दुसऱ्या काचेने आणखी नवे रंग बनवले असते.

याचे कारण काचेच्या अंतरंगात आहे. प्रकाशाच्या लहरी काचेतून जाताना तिच्या अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना हेलकावे देतात. या हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून निघणाऱ्या लहरी मूळ लहरीत मिसळल्यामुळे काचेत प्रकाशाची लहर सावकाश पुढे सरकते. काचेतल्या इलेक्ट्रॉनांच्या स्वाभाविक कंपनांची वारंवारता अतिनील भागात असते. जांभळ्या प्रकाशाची वारंवारता तिच्या अधिक जवळ आहे, म्हणून त्याला मिळणारा प्रतिसाद मोठा आणि त्याचा वेगही तांबड्यापेक्षा कमी. वेग कमी म्हणजे अपवर्तनांक जास्त आणि विचलनही जास्त.

अपवर्तनांक रंगागणिक वेगळा, म्हणून किमान विचलनही रंगागणिक वेगळे. लोलक एका वेळी एकाच रंगासाठी तंतोतंत किमान विचलनाच्या स्थितीत असू शकतो. व्यवहारात हे फारसे आड येत नाही. पिवळ्यासाठी लावलेला लोलक तांबड्या-जांभळ्यांच्या जागेपासून अंशाच्या थोड्या भागानेच चुकलेला असतो आणि सपाट तळाशी तेवढी चूक जाणवत नाही.

वळणे आणि फाकणे यांचे नाते

काच प्रकाशाला जितके जास्त वळवते तितके रंग जास्त फाकतात, असे सहज वाटते. न्यूटनलाही ते खरे वाटले. ६० अंशांचे दोन लोलक घेऊ, एक क्राउन काचेचा आणि दुसरा शिसे असलेल्या फ्लिंट काचेचा. मोजणीसाठी हायड्रोजनच्या तांबड्या आणि निळसर रेषा वापरतात. नेहमीच्या क्राउन काचेचा अपवर्तनांक तांबड्यासाठी १.५१४३ आणि निळ्यासाठी १.५२२४ असतो. किमान विचलने येतात ३८.४३ आणि ३९.१४ अंश. फरक ०.७१ अंश. एका नेहमीच्या फ्लिंट काचेचे आकडे १.६१५० आणि १.६३२१ असे आहेत. विचलने ४७.७० आणि ४९.३८ अंश. फरक १.६८ अंश. फ्लिंटने प्रकाश सव्वापटच अधिक वळवला, पण रंग जवळजवळ अडीचपट फाकवले.

म्हणजे विचलन आणि अपस्करण हे काचेचे दोन वेगळे गुण आहेत. दोन्ही एकाच प्रमाणात असते, तर रंग जुळवताना वळणही नाहीसे झाले असते आणि कडेला रंग न दाखवणारे भिंग बनवताच आले नसते. न्यूटनने असाच निष्कर्ष काढला आणि दुर्बिणीसाठी भिंगाऐवजी आरशाचा मार्ग धरला. पुढे लंडनच्या जॉन डॉलंडने क्राउन काचेचे बहिर्गोल आणि फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडून अवर्णी भिंग बनवले आणि १७५८ मध्ये त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. फ्लिंटचे कमी ताकदीचे भिंग क्राउनने फाकवलेले रंग परत एकत्र आणते, पण क्राउनचे सगळे वळण पुसत नाही.

न्यूटनच्या वर्णपंक्तीला आणखी एक मर्यादा होती. भिंतीवर प्रत्येक रंगाचे ३१ मिनिटांचे गोल बिंब पडत होते आणि अशी असंख्य बिंबे एकमेकांवर चढलेली होती. पट्टीच्या कोणत्याही जागी शेजारचे रंग मिसळलेले असत. गोल भोकाऐवजी लोलकाच्या धारेला समांतर अशी अरुंद फट ठेवली की प्रत्येक रंगाची प्रतिमा बारीक रेषेएवढी होते आणि ही सरमिसळ मिटते. विल्यम वोलास्टनला १८०२ मध्ये अशाच फटीमुळे सूर्याच्या वर्णपंक्तीत काळ्या रेषा दिसल्या. १८१४ मध्ये योझेफ फ्राउनहोफरने दुर्बीण लावून अशा पाचशेहून जास्त रेषा पाहिल्या. शंका मिटवणारी लोलकाची स्थिती न्यूटनकडे होती. रेषा दिसण्यासाठी त्याच स्थितीला अरुंद फटीची जोड हवी होती.

आकाशातले किमान विचलन

चंद्राभोवती किंवा सूर्याभोवती कधी कधी मोठे खळे पडते. नेहमी दिसणाऱ्या खळ्याची त्रिज्या २२ अंश असते. हात लांब करून वीत पसरली, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढा कोन होतो. हे खळे उंचावरच्या विरळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडते. हे स्फटिक षट्कोनी असतात आणि त्यांची एकाआड एक पृष्ठे एकमेकांशी ६० अंशांचा कोन करतात. प्रकाशासाठी असा प्रत्येक स्फटिक ६० अंशांचा लोलकच आहे. बर्फाचा अपवर्तनांक १.३१ धरला, तर त्याला ३० अंशांच्या ज्येने, म्हणजे ०.५ ने गुणून ०.६५५ मिळतात. ही ४०.९ अंशांची ज्या आहे. तिच्या दुपटीतून ६० वजा केले की किमान विचलन २१.८ अंश येते.

हवेत स्फटिक वाटेल त्या दिशांना कललेले असतात, म्हणून २१.८ अंशांहून अधिक वळलेला प्रकाशही आपल्याकडे येतो. पण ३० ते ५३ अंशांमधल्या कोणत्याही आपतन कोनाने आत शिरलेला किरण २१.८ ते २३ अंशांच्या आतच वळतो. त्यामुळे बहुतेक प्रकाश तळाच्या या अरुंद पट्ट्यात गोळा होतो आणि तिथे तेजस्वी कडे दिसते. किमान विचलनाहून कमी वळलेला किरण असूच शकत नाही, म्हणून खळ्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा काळसर राहते.

रंगांचे उत्तरही इथेच मिळते. बर्फात तांबड्याचे किमान विचलन सुमारे २१.६ अंश आहे आणि जांभळ्याचे २२.४ अंशांच्या जवळ. सर्वांत आतल्या कडेला फक्त तांबडा प्रकाश पोहोचतो, म्हणून ती कडा तांबूस आणि रेखीव दिसते. त्याच्या बाहेर प्रत्येक रंगाच्या कड्यावर आतल्या रंगांचा अधिक वळलेला प्रकाश येऊन पडतो. तांबड्यानंतर पिवळसर छटा जेमतेम ओळखू येते आणि पुढे सगळे मिसळून पांढरे होते. सूर्याभोवतीचे खळे पाहताना सूर्यबिंब एखाद्या इमारतीच्या कडेआड झाकले जाईल अशी जागा घ्यावी. मग डोळ्यांना इजा न होता आतली तांबूस कडा आणि तिच्या आतले काळसर आकाश दोन्ही ओळखता येतात.